के म्हणजे केळं नव्हे : आईच्या डायलिसिस युनिटसाठी पाटी लिहिताना

आमच्या आईचं डायलिसिस मार्च २०२५ मध्ये सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. घर इंदूरच्या राजेंद्रनगरात. युनिट आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर, जाताना ऐंशी रुपये, येताना शंभर, कारण अकरानंतर रिक्षावाले कमी पैशात येत नाहीत. पहिले तीन महिने आम्ही फक्त मशीन, रक्ताचे रिपोर्ट आणि फिस्टुलाचा हात, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने शीर तयार केलेला हात, यांतच गुंतलो होतो. किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत त्या पाण्याबद्दल आणि पोटॅशियमबद्दल युनिटमध्ये एक कागद लावलेला होता, तो आम्ही रोज बघायचो. नीट वाचला मात्र कधी नव्हता.

तो कागद इंग्रजीत होता. वजनकाट्याच्या मागच्या भिंतीवर, चार ओळींचा. रोजचं पाणी एक लिटर, मीठ कमी, आणि शेवटी ‘लो के प्लस डाएट’. के आणि अधिक चिन्ह, बस्स. पोटॅशियमची रासायनिक खूण के असते हे मला शाळेतलं आठवत होतं. आईला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, त्यापुढे नाही. तिने मनाशी अर्थ लावला, के म्हणजे केळं, केळं कमी खायचं. तिने केळं पूर्ण सोडलं आणि मला सांगितलंही की मी पथ्य पाळते आहे. मी कौतुक केलं.

रविवारी, ६ जुलै २०२५ ला आषाढी एकादशी होती. आईचा आयुष्यभराचा उपास. सकाळी पंढरीनाथाच्या देवळात जाऊन आलो, गर्दीत तासभर उभं राहणं झालं, ऊन नव्हतं पण दमट होतं. बाहेर तिला एक मोठं शहाळं घेऊन दिलं. ते मीच दिलं, उपासाला चांगलं असतं म्हणून. घरी आल्यावर रताळ्याचा कीस, दुपारी साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचं कूट आणि दोन बटाटे घालून. संध्याकाळी चार खजूर. मधे ताक, लिंबाचं सरबत, रात्री दूध. केळ्याला तिने हात लावला नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला ती पलंगावरून उठली आणि पाय तिला उचलेनात. दुखत नव्हतं, सूजही फार नव्हती. ‘पाय माझे नाहीतच असं वाटतंय,’ असं म्हणाली. आधार देऊन रिक्षात बसवलं. युनिटच्या दोन पायऱ्या चढायला चार मिनिटं लागली. वजन केलं, ५५.६. शुक्रवारी निघताना ५२.२ होतं.

टेक्निशियन भैयांनी काट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘आंटी, नारियल पानी पिया था क्या?’

पाच मिनिटांत ईसीजी निघाला. डॉक्टरांनी कागदावरच्या उंच टोकदार लाटा बोटाने दाखवल्या. पोटॅशियम वाढलं की हृदयाच्या आलेखातली टी नावाची लाट तंबूसारखी टोकदार होते. रक्तातलं पोटॅशियम ७.२ आलं. डायलिसिसच्या रुग्णात डायलिसिसच्या आधी साडेपाचपर्यंत चालवून घेतात, सहाच्या वर गेलं की डॉक्टर धावपळ करतात. आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, त्याने पोटॅशियम काही तास पेशींच्या आत ढकललं जातं. आणि लगेच मशीन. शरीराबाहेर जायचं ते मशीनमधूनच जातं.

त्या दिवशी मला पाण्याचं गणितही कळलं, ते त्याच भैयांनी सांगितलं. आईचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो. तीन दिवसांत वाढलेलं ३.४ किलो म्हणजे जवळपास सगळं पाणीच. एका तासात किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी ओढू नये असं धरतात. ५२ किलोला तासाला ६७६ मिली, चार तासांत २.७ लिटर. म्हणजे साडेतीन लिटर एका बैठकीत सुखरूप निघतच नाही. जोरात ओढलं तर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि हृदयालाही ताण बसतो. तिसऱ्या तासाला आईच्या पायात गोळे आलेच. उरलेलं पाणी मंगळवारी जादा डायलिसिस करून काढलं. एक रात्र ती दवाखान्यात राहिली. आयुष्मान कार्डात न बसलेला खर्च १४,२०० रुपये आला.

बुधवारी, ९ जुलैला, आहारतज्ज्ञ मॅडमनी आईच्या एकादशीचा हिशोब मांडला. तिला दिवसाला साधारण २००० मिलिग्रॅम पोटॅशियमची मर्यादा सांगितलेली होती. शहाळं ७०० च्या आसपास, पाव किलो रताळी ८५० च्या जवळ, दोन बटाटे ८००, दाण्याचं कूट ४००, चार खजूर २००. ताक आणि दूध सोडूनच बेरीज तीन हजारांच्या जवळ. ‘आणि साबुदाणा?’ मी विचारलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग, त्यात पोटॅशियम नगण्य. खिचडीत दोष होता बटाट्याचा आणि कुटाचा. दुसरी गोष्ट त्या म्हणाल्या ती मला अगदी नवी होती. डायलिसिसच्या माणसाने निरंकार राहिलं तरी पोटॅशियम वाढू शकतं. पोट रिकामं राहिलं की इन्सुलिन कमी होतं आणि पेशींच्या आतलं पोटॅशियम रक्तात उतरायला लागतं. म्हणजे भरपूर फराळ करणं आणि काहीच न खाणं, दोन्ही वाटा बंद.

मी त्या भिंतीवरच्या कागदाबद्दल बोलले. रागाने बोलले असेन. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही मराठीत लिहून द्याल का? इथे सकाळच्या पाळीला निम्मी माणसं घरी मराठीच बोलतात. तपासायचं काम मी करते.’ पाटीचं काम असं माझ्याकडे आलं.

१४ जुलैला मी पहिला मसुदा नेला. पानभर, सतरा मुद्दे, आणि भीती घालणारा. ‘जास्त पाणी प्यायल्यास जीवाला धोका’ हे वाक्य तीनदा होतं. मला ते तेव्हा खरंच गरजेचं वाटत होतं, सात पॉइंट दोनचा आकडा डोक्यातून जात नव्हता. मॅडमनी एक अट घातली : आधी चार रुग्णांना वाचायला द्या, काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला सांगा, मधे बोलू नका. कुणी असा कागद लिहिणार असेल तर एवढी एक गोष्ट जरूर करा. माझे पुढचे दोन आठवडे त्यातच गेले.

आईच्या शेजारच्या मशीनवर एक काका असतात, रामबागेतले, निवृत्त पोस्टमन. त्यांनी ‘दिवसाला एक लिटर पाणी’ हे वाचलं आणि समाधानाने म्हणाले, मी बरोबर पाळतो. विचारल्यावर कळलं की बाटली एक लिटरची, ती संध्याकाळपर्यंत संपते. शिवाय चार कप चहा, दुपारी वाटीभर ताक, रात्री वरणभात पातळ लागतो. गोळ्या दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी अर्धा पेला पाणी. त्यांच्या लेखी हे सगळं पाणी नव्हतंच, पाणी म्हणजे माठातलं. गोळ्यांचंच पाणी मोजलं तर पाचशे मिली झालं. त्या दिवशी मी ‘पाणी’ खोडून ‘पातळ’ लिहिलं. जे भांड्यातून ओतता येतं किंवा तोंडात गेल्यावर पाणी होतं ते सगळं मोजायचं. बर्फ आणि आइस्क्रीमसुद्धा.

काकांशी बोलताना ‘एक लिटर’ हा आकडाही गेला. तो सगळ्यांना लागू नाही. ज्याला अजून लघवी होते त्याला जास्त पिता येतं. २४ तासांतली लघवी एका बरणीत जमवायची, मोजायची आणि त्यात ५०० मिली मिळवायचे, तेवढी दिवसाची मर्यादा, असा आमच्या युनिटचा हिशोब. पाचशे का, तर घाम, श्वास आणि शौच यांतून जाणारं पाणी आणि अन्नातून न दिसता येणारं पाणी यांची वजाबाकी साधारण तेवढी बसते. आईची लघवी ३०० मिली भरली, म्हणून तिची मर्यादा ८००. काकांना लघवी होतच नाही, त्यांची ५००. ते वर्षभर एका लिटरच्या कागदावर विसंबून होते. आणि हे एकदा मोजून भागत नाही, लघवी महिन्यांगणिक कमी होत जाते. म्हणून पाटीवर आकडा छापायचा नाही, रेघ सोडायची आणि पेनाने भरायचं असं ठरलं.

मिठाच्या ओळीवर एका काकूंनी थांबवलं. ‘मीठ कमी करा’ वाचून त्या म्हणाल्या, मी तर साधं मीठ बंदच केलंय, बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणते, महाग मिळतं. मॅडमनी पाकीट आणायला सांगितलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पोटॅशियम क्लोराइड. सोडियम कमी करायला त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. धडधाकट माणसाला ते चालत असेल, डायलिसिसवरच्या माणसाला ते चमच्याने पोटॅशियम खाण्यासारखं आहे. काकूंचं पोटॅशियम चार महिने सहाच्या आसपास का राहतं हे कुणाला उमगत नव्हतं. ते पाकीट त्यांनी तिथेच कचऱ्यात टाकलं. सैंधवाचाही प्रश्न निघाला, कारण उपासाला तेच वापरतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियमचंच मीठ, त्याने तहान तेवढीच लागते.

आणि तहानेचं मूळ मिठातच आहे, हे टेक्निशियन भैयांनी ज्या सोप्या रीतीने सांगितलं तसं मी कुठे ऐकलं नव्हतं. त्यांनी सलाईनची बाटली हातात दिली. ‘इस एक लीटर में नौ ग्राम नमक है. आप नौ ग्राम नमक खाओगे तो शरीर एक लीटर पानी माँगेगा ही.’ शरीर रक्ताचा खारटपणा ठराविकच ठेवतं. मीठ गेलं की त्याला जोडीने पाणी लागतं, आणि माणूस कितीही निश्चयाचा असला तरी रात्री माठाकडे जातोच. म्हणून पाणी तोडण्याआधी मीठ तोडायचं. दिवसाचं सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, साधारण पाच ग्रॅम. आपल्या इंदूरमध्ये हे अवघड, कारण पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, नुसत्या तोंडात टाकायलाही शेव. आमच्या घरी शेवेचा डबा आता वरच्या फळीवर असतो आणि पोह्यांवर लिंबू, कोथिंबीर, थोडं खोबरं. पहिले पंधरा दिवस आईला सगळं अळणी लागलं. तिसऱ्या आठवड्यात तिने शेजारून आलेली भाजी खारट आहे म्हणून बाजूला सारली.

फळांच्या ओळीवर वेगळाच घोटाळा झाला. मॅडमच्या यादीत चालणाऱ्या फळांत ‘पेअर’ होतं. मी ते तसंच उतरवलं. ते वाचून एका तरुण मुलाने विचारलं, ‘म्हणजे पेरू ना?’ पेरू म्हणजे आपल्या माळव्यातला जाम, आणि जामात केळ्याहून कमी पोटॅशियम नाही. मी ‘नासपती’ लिहिलं आणि न चालणाऱ्यांत ‘पेरू म्हणजे जाम’ असं स्पष्ट लिहिलं. याच मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. कुणीतरी त्याला भाज्यांत पोटॅशियम असतं असं सांगितलं, तेव्हापासून त्याने भाजी आणि डाळ दोन्ही सोडलं. भात आणि चहा यांवर दोन महिने. अंगावरचं मांस उतरलं, पण ड्राय वेट जुनंच धरल्यामुळे मांसाच्या जागी पाणी साठत गेलं आणि काट्यावर काही दिसेना. पायाला सूज आली तेव्हा कळलं. डायलिसिसमध्ये प्रथिनंही थोडी वाहून जातात, त्यामुळे या रुग्णांना ती साध्या माणसापेक्षा जास्तच लागतात. म्हणून पाटीची पहिली ओळ ‘जेवण बंद करू नका’ अशी झाली.

भाजी आणि बटाट्याला उपाय आहे, तो नीट केला तर. साल काढायची, पातळ चकत्या करायच्या, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, अशा रीतीने जवळजवळ निम्मं निघून जातं. आपली नेहमीची पद्धत, सालासकट अख्खा बटाटा कुकरमध्ये, यात ते आतच राहतं. नुसतं गार पाण्यात भिजवून ठेवण्यानेही फारसं जात नाही. आणि उकळलेलं पाणी आमटीत घातलं तर सगळी मेहनत वाया. आईला हे पाणी ओतून देणं जिवावर येतं, ‘सत्त्व जातं’ म्हणते. जातंच, थोडंफार. पण तिच्या ताटात बटाटा परत आला तो यामुळेच. गराडू मात्र कितीही उकळलं तरी आम्ही आणत नाही. थंडीत सराफ्यात तळलेल्या गराडूवर तिचा फार जीव, पण त्या कंदात पोटॅशियम बटाट्याच्याही वर असतं.

२८ जुलैला दुसरा मसुदा दिला. मग थांबणं. किडनीचे डॉक्टर, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, आठ दिवस बाहेरगावी. ४ ऑगस्टला त्यांनी वाचलं आणि दोनच बदल केले. एक, वजनवाढीची मर्यादा सरसकट न लिहिता तीही रुग्णागणिक भरायची. सर्वसाधारणपणे ड्राय वेटच्या चार टक्क्यांच्या आत बघतात, ५२ किलोला दोन किलो. दुसरा, शुक्रवार ते सोमवार ही लांबची सुट्टी वेगळी सांगायची, कारण सगळ्यात जास्त त्रास सोमवारी सकाळीच दिसतो. मंगळवार, गुरुवार, शनिवारवाल्यांना तोच धोका मंगळवारी.

त्यानंतर क्वालिटी विभाग. दवाखान्यात भिंतीवर लावायच्या कुठल्याही कागदाला क्रमांक, आवृत्तीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही लागते, हे मला ठाऊक नव्हतं. अर्ज इन्चार्ज सिस्टरच्या नावाने जातो, रुग्णाच्या नातेवाइकाच्या नावाने नाही. माझा पहिला अर्ज त्यामुळे परत आला आणि आठवडा गेला. त्यांना हिंदी प्रतही हवी होती, दोन्ही एकाच वेळी. आकडे असलेल्या प्रत्येक ओळीला आहारतज्ज्ञांची सही हवी होती. वैताग आला, पण ही अडवणूक मला नंतर पटली, चुकीचा आकडा भिंतीवर वर्षानुवर्षं राहतो हे मी बघितलेलंच होतं. १८ ऑगस्टला मंजुरी आली.

छपाई मी जेल रोडवर केली. ए-३ आकाराच्या सहा प्रती, लॅमिनेशनसकट ४२० रुपये. घरी न्यायला छोट्या पन्नास प्रती, दीडशे रुपये. अक्षरं एवढी मोठी घेतली की खुर्चीत टेकून बसलेल्या माणसाला समोरच्या भिंतीवरचं वाचता यावं. चार तास एक हात हलवायचा नाही, अशा माणसाच्या डोळ्यांसमोरची भिंत ही पाटीची खरी जागा. वजनकाट्याच्या मागे कुणी थांबत नाही, तिथे फक्त काटा बघतात. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट सांगा. आमची पहिली प्रत ट्यूबलाइट पडून वाचताच येत नव्हती.

सोमवारी, २५ ऑगस्टला, गणपतीच्या दोन दिवस आधी पाट्या लागल्या. मजकूर असा :

जेवण बंद करू नका. काय आणि किती, एवढंच सांभाळायचं आहे.

तुमचं ड्राय वेट ____ किलो. दिवसाचं पातळ ____ मिली. मधल्या दिवसाला वजनवाढ ____ किलोपर्यंत, लांबच्या सुट्टीला ____ किलोपर्यंत. हे आकडे तुमचेच आहेत. शेजाऱ्याचे वेगळे असतील.

रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर वजन करा. एक किलो वाढलं म्हणजे एक लिटर साठलं.

सकाळीच दिवसाचं पातळ एका बाटलीत भरून ठेवा. चहा घेतलात की तेवढं पाणी बाटलीतून ओतून द्या. ताक, वरण, सूप, बर्फ, आइस्क्रीम, गोळ्यांचं पाणी, सगळं याच बाटलीतलं.

तहान लागली तर आधी चूळ भरा. लहान कप वापरा. वेलदोडा तोंडात धरा. शेव, पापड, लोणचं कमी झालं की तहानही कमी होते.

‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं.

शहाळं, केळं, संत्रं-मोसंबी, आंबा, पेरू म्हणजे जाम, चिकू, खजूर, सुकामेवा, रताळं, गराडू नको. सफरचंद, नासपती, अननस, पपई यांतलं एक, एका वेळी लहान वाटीभर चालेल.

बटाटा आणि भाजी साल काढून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकळा. पाणी फेकून द्या. मग शिजवा.

उपास करायचा असेल तर आठ दिवस आधी आम्हाला सांगा. आपण मिळून फराळ ठरवू. दिवसभर उपाशी राहू नका.

पोट साफ होत नसेल तर सांगा. त्यानेही पोटॅशियम वाढतं. डायलिसिस चुकवू नका.

हातपाय अचानक गळाले, तोंडाभोवती मुंग्या आल्या, छातीत धडधडलं, आडवं झाल्यावर दम लागला, तर पुढच्या वाराची वाट बघू नका. लगेच या. रात्रीचा फोन : ____. पोटॅशियम वाढलेलं असताना कधीकधी काहीच जाणवत नाही. म्हणून महिन्याची रक्ततपासणी चुकवू नका.

जास्त झालं तर लपवू नका. आम्ही रागावणार नाही. काय खाल्लं-प्यायलं ते कळलं तर मशीन तुमच्यासाठी नीट लावता येतं.

शेवटचा परिच्छेद भैयांचा आहे. त्यांनी हिंदीत सांगितला, मी मराठीत उतरवला. माझ्या पहिल्या मसुद्यातली धोक्याची तीन वाक्यं त्याच्यापुढे गळून पडली. भीती वाटली की माणूस चोरून पितो, काट्यावर चढताना खिशातल्या किल्ल्यांचं कारण सांगतो, आणि मशीनवर तिसऱ्या तासाला त्याचं बीपी पडतं, असं ते म्हणाले.

सुधारायला लागलेली एक गोष्ट सांगायला हवी. पाटी लागून महिना झाल्यावर लक्षात आलं की छोट्या प्रतींवरच्या रेघा कुणी भरतच नव्हतं. सिस्टरना वेळ नसतो. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रक्त काढताना नातेवाईक कागद घेऊन उभे राहतात आणि आकडे तिथल्या तिथे भरून घेतात. तुमच्या युनिटमध्ये अशी पाटी नसली तरी हे चार आकडे विचारून वहीत लिहून ठेवता येतील : ड्राय वेट, दिवसाचं पातळ, मधल्या दिवसाची वाढ, लांबच्या सुट्टीची वाढ. ड्राय वेट दर महिन्याला पुन्हा विचारा. मोजायला साठ रुपयांचं प्लास्टिकचं माप आणि नऊशेचा डिजिटल वजनकाटा, एवढं आम्हाला पुरलं.

२०२६ मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आली, पुन्हा रविवार, पुन्हा लांबच्या सुट्टीचा दुसरा दिवस. आईने आठ दिवस आधी स्वतःच मॅडमना विचारलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तूप, जिरं आणि मिरची, बटाट्याच्या चारच फोडी, त्याही दोनदा उकळलेल्या, कूट नाही. दुपारी वरईचा भात आणि अर्धी वाटी घट्ट दही. संध्याकाळी अर्धं सफरचंद, रात्री परत थोडा वरईचा भात, म्हणजे पोट रिकामं राहिलं नाही. मीठ सगळीकडे चिमटीने. शहाळं देवापुढे ठेवलं आणि शेजारच्या मुलांना दिलं. सोमवारी काटा १.७ किलो वाढ दाखवत होता, पोटॅशियम ५.१ आलं. पायऱ्या ती माझा हात न धरता चढली आणि काकांच्या शेजारी जाऊन बसली. काका तिला विचारत होते, वरईला फोडणी कशाची दिली.